‘याचा एक चार्ट करून दे’ म्हणजे नेमकं काय करून द्यायचं?

गणपती जाऊन चार-पाच दिवस झाले होते. रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा, म्हणजे अण्णांचा, व्हॉट्सअ‍ॅप आला. सोबत एक्सेलची फाइल. ‘टँकरचे आकडे पाठवलेत. रविवारी एजीएम आहे. त्याआधी याचा एक चार्ट करून दे. जरा रंगीत कर, बघायला बरं वाटेल.’

मी ऐरोलीला एका ऑफिसात एमआयएस रिपोर्ट बनवते, त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. साहेबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे असंच मागतात. शिंप्याकडे कापड टाकून ‘याचं काहीतरी शिवून द्या’ म्हणावं, तसं. कापड तर दिलं, पण सदरा हवा की पिशवी, आणि कोणाच्या मापाचा, हे शिंप्याने ओळखायचं.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना टँकरचं वेगळं सांगायला नको. आमच्याकडे दोन विंग आहेत. ए विंगमध्ये ६० फ्लॅट, बी विंगमध्ये १००. दोन्हींच्या पाण्याच्या टाक्या वेगळ्या, त्यामुळे टँकरही वेगळे मोजले जातात. फाइलमध्ये एप्रिल ते मार्च अशा बारा महिन्यांच्या बारा ओळी होत्या. पुढे पाच कॉलम: गेल्या वर्षीचे एकूण टँकर, यंदाचे ए विंगचे, यंदाचे बी विंगचे, यंदाचे एकूण, आणि यंदाचे रुपये. सगळ्यात खाली ‘एकूण’ची तेरावी ओळ. टँकर दहा हजार लिटरचा, आणि दर वर्षभराच्या ठरावाप्रमाणे एकच. (इथे मी आकडे थोडे सरळ केलेत, म्हणजे हिशेब तोंडी करता येईल.)

आधी मी जे कोणीही करेल तेच केलं. फाइलमध्ये एका आकड्यावर क्लिक करून `Alt+F1` दाबलं. एक्सेलमध्ये एवढं केलं की आजूबाजूचा सगळा तक्ता उचलून त्याचा उभ्या बारचा चार्ट लगेच समोर येतो. आला. तेरा गट, प्रत्येकात पाच रंग, म्हणजे पासष्ट बार. त्यातले दिसत होते जेमतेम आठ-नऊ.

हे कशामुळे झालं ते बघू, कारण कुठल्याही घाईघाईच्या चार्टमध्ये हेच घोळ असतात. मे महिन्यात ६४ टँकर आले आणि त्यांचे १,४०,८०० रुपये झाले. एकाच पट्टीवर एक लाख चाळीस हजार आणि चौसष्ट मांडले, तर चौसष्टचा बार जमिनीला चिकटणारच. टँकर आणि रुपये ही दोन वेगळी मापं आहेत, पण एक्सेलला ते कळत नाही, त्याच्या लेखी सगळे नुसते आकडे. त्यात ‘एकूण’ची ओळही तेरावा महिना समजून चार्टमध्ये येऊन बसली होती. ७,९२,००० रुपयांचा तो बार आकाशाला टेकला, आणि त्याच्या शेजारी मे महिनासुद्धा बुटका दिसायला लागला. शिवाय चार महिन्यांत रुपयांचा बारच नव्हता. तिथे खजिनदारवहिनींनी चेकवर लिहितात तसं `48400/-` असं टाइप केलं होतं. ती रेघ मारली की एक्सेल त्याला आकडा मानत नाही, अक्षरं मानतं, आणि चार्टमध्ये शून्य धरतं. ओळखायची खूण सोपी आहे: काही फॉरमॅट केलेलं नसेल तर आकडा सेलमध्ये उजवीकडे टेकतो आणि अक्षरं डावीकडे. `Ctrl+H` ने `/-` काढून टाकलं की बार परत येतात.

‘एकूण’ची ओळ काढली, ‘यंदा एकूण’चा कॉलम काढला (ए आणि बीची बेरीज शेजारी पुन्हा कशाला?), रुपये बाजूला ठेवले. आता चार्ट दिसायला नीटनेटका झाला. पण त्याकडे पाच मिनिटं बघूनही त्यातून काय घ्यायचं ते मला कळेना. रविवारी हॉलमध्ये बसलेल्या काकूंना ते दहा सेकंदांत कसं कळणार?

अडचण अशी की या फाइलमधून निदान चार वेगवेगळ्या गोष्टींची तुलना निघते. हे वर्ष आणि गेलं वर्ष. हा महिना आणि तो महिना. ए विंग आणि बी विंग. टँकर आणि पैसा. आकडे तेच, पण प्रत्येक तुलनेचा चार्ट वेगळा, आणि बघणारा प्रत्येक चार्टवरून वेगळंच काहीतरी मनात धरून घरी जातो. चार्टचा प्रकार, म्हणजे बार की रेघ की गोल, हा त्यानंतरचा प्रश्न. कशाची कशाशी तुलना करायची ते ठरलं की प्रकार बहुतेक वेळा आपोआप ठरतो. ते ठरलं नसताना प्रकार निवडणं म्हणजे स्टेशन न ठरवता स्लो पकडू की फास्ट यावर वाद घालणं.

विंगचं उदाहरण घेते, कारण त्यात मी स्वतः जवळजवळ फसले होते. वर्षभरात ए विंगला १६६ टँकर लागले, बी विंगला १९४. ‘रंगीत’ म्हटल्यावर पहिल्यांदा पाय चार्टच सुचतो. योगायोग असा की एकूण टँकर ३६० आणि वर्तुळाचे अंशही ३६०. म्हणजे एक टँकर, एक अंश. ए विंगचा तुकडा १६६ अंशांचा, बीचा १९४ अंशांचा. वहीत हे दोन कोन काढून बघा; दोन्ही डोळ्यांना अर्धेअर्धेच वाटतात. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये माणसांवर प्रयोग करून हे तपासलं होतं. एकाच पट्टीवर शेजारी शेजारी मांडलेल्या दोन लांब्यांमधला फरक आपण बराच अचूक ओळखतो, कोनांमधला फरक ओळखताना जास्त चुकतो. म्हणून तुकडे जवळपास सारखे असतील तर पाय चार्ट फरक गिळून टाकतो.

मग बार करावे? केले. बी विंगचा बार उंच आला. म्हणजे बी विंगवाले जास्त पाणी मागवतात? पण बी विंगमध्ये घरंही चाळीस जास्त आहेत. टँकरला फ्लॅटने भागलं:

```
=166/60
=194/100
```

ए विंग, दर फ्लॅटमागे वर्षाला २.७७ टँकर. बी विंग, १.९४. चित्र साफ उलटं झालं. आकड्यांत एका पैचाही फरक न करता, नुसतं ‘एकूण’च्या जागी ‘दर फ्लॅट’ घेतल्यावर दोषी विंग बदलली. अण्णांच्या निरोपात यातलं कुठलं हवं ते नव्हतं, आणि अण्णांना असे दोन पर्याय आहेत याची कल्पनाही नसणार.

बरं, दर फ्लॅटचा हिशेब बरोबर असला तरी त्यावरून ‘ए विंगवाले पाणी उधळतात’ असं म्हणता येत नाही. टँकर हा वापराचा आकडा नाही, तुटीचा आहे. महापालिकेचं पाणी ज्या टाकीत कमी चढतं, तिथे टँकर जास्त लागतो. घरातला वापर अगदी सारखा असला तरीही. वापर काढायचा तर महापालिकेच्या मीटरचं रीडिंग आणि टँकर यांची बेरीज हवी, आणि विंगवार रीडिंग फाइलमध्ये नव्हतं. सोसायटीच्या सभेत असा चार्ट भिंतीवर लावला असता, तर पुढचा तास कशात गेला असता हे सोसायटीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. हा चार्ट मी काढून पुसून टाकला.

सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर अण्णा गेटपाशीच भेटले.

‘झाला का चार्ट?’

‘तीन झाले अण्णा. पण तुम्हाला कुठला हवाय ते कळेना. रविवारी तो बघून लोकांनी काय करायचंय?’

‘करायचं काय? बघायचं. आकडे वाचून दाखवले की लोक मोबाइल काढतात.’

‘तसं नाही. टँकरचा विषय निघाल्यावर लोक तुम्हाला काय विचारणार?’

अण्णा वैतागले. ‘अगं, काय विचारणार! मेंटेनन्स महिन्याला एकशेवीसने वाढवायचा ठराव आहे ना. का वाढवला म्हणून बोंब मारणार.’

मिळालं. ‘कुठला चार्ट हवा, बार की लाइन?’ असं विचारलं असतं तर अण्णा ‘काय चांगला दिसेल तो’ म्हणाले असते. ‘कशाची तुलना करू?’ विचारलं असतं तर ‘सगळ्याची’ म्हणाले असते. मागणाऱ्याला चार्टची भाषा येत नसते, आणि यावीच असंही नाही. त्याला एवढं मात्र नक्की ठाऊक असतं की समोरचे कोण आहेत आणि आपल्याला कशाची भीती आहे. तेच विचारायचं. ऑफिसातही मी साहेबांना ‘हे बघून मीटिंगमध्ये काय ठरणार आहे?’ एवढंच विचारते. उत्तर मिळालं की निम्मं काम झालेलं असतं.

आता प्रश्न असा झाला: पाण्याचा खर्च कितीने वाढला आणि कशामुळे? आणि लगेच लक्षात आलं की याचं उत्तर द्यायला लागणारा एक आकडा फाइलमध्ये नाहीच. गेल्या वर्षीचे टँकर होते, गेल्या वर्षीचा दर नव्हता. वहिनींनी जुनी बिलं काढून सांगितला: गेल्या वर्षी २,००० रुपये टँकर, यंदा २,२००.

म्हणजे गेल्या वर्षी २८४ टँकरचे ५,६८,००० रुपये झाले आणि यंदा ३६० टँकरचे ७,९२,०००. वाढ २,२४,००० रुपयांची. १६० फ्लॅटमध्ये वाटली तर वर्षाला १,४००, महिन्याला ११७ च्या आसपास. कमिटीने वर पूर्णांक करून एकशेवीस धरलेत. इथपर्यंत सरळ आहे. पण लोकांच्या मनात दोन संशय असतात: टँकरवाल्याने दर वाढवला की आपणच टँकर जास्त मागवले? ते वेगळं करता येतं. टँकर ७६ ने वाढले. ते जुन्या दराने धरले तर १,५२,००० रुपये. आणि सगळ्या ३६० टँकरवर दोनशे रुपये जास्त, म्हणजे ७२,०००. दोन्हींची बेरीज बरोबर २,२४,०००. वाढीतला दोन तृतीयांश भाग जादा टँकरचा आहे, दराचा नाही.

यातली एक बारीक गोष्ट सांगून ठेवते. ते ७६ टँकर नव्या दराने धरले, तर टँकरच्या खाती १,६७,२०० आणि दराच्या खाती ५६,८०० येतात. बेरीज तीच. मधले १५,२०० रुपये दोन्ही कारणांमुळे मिळून वाढलेत, ते कुठेही टाका. एवढंच, की कुठे टाकले ते चार्टखाली एका ओळीत लिहायचं, नाहीतर सभेत कोणीतरी निवृत्त बँकवाले उठतातच.

असल्या हिशेबाला धबधब्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा चार्ट असतो. आमच्या ऑफिसात तो रोज चालतो. पण क्लबहाउसमध्ये शेवटच्या रांगेत बसलेल्या आजोबांना हवेत तरंगणारा बार म्हणजे काय हे समजावण्यात वेळ जाईल. म्हणून मी दोनच आडवे बार काढले. वरचा गेल्या वर्षीचा, ५.६८ लाख. खालचा यंदाचा, तीन तुकड्यांचा: आधी तेवढाच ५.६८, मग जादा टँकरचे १.५२, मग दरवाढीचे ०.७२. पहिले तुकडे एकाखाली एक आल्यामुळे ‘इथपर्यंत जुनं, इथून नवीन’ हे न सांगता दिसतं. बार शून्यापासूनच सुरू केले. पट्टी पाच लाखांपासून सुरू केली असती तर खर्च चौपटीहून जास्त झाल्यासारखा दिसला असता. बारमध्ये आपण लांबी वाचतो, त्यामुळे त्याचं बूड कापलं की तो खोटं बोलतो. रेघेचा चार्ट या बाबतीत थोडा मोकळा असतो, कारण तिथे चढ-उतार वाचायचा असतो.

रंग मी जवळजवळ वापरलेच नाहीत. अण्णा हिरमुसले. पण हा कागद नोटीस बोर्डावर लागणार होता, आणि त्याआधी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काळ्या-पांढऱ्यात निघणार होता. तिथे लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे येतात. जुना खर्च फिका करडा, जादा टँकर काळा, दरवाढ तिरप्या रेघांची, आणि नावं बाजूला चौकोनात न देता थेट तुकड्यांवर. मोबाइलवर बघणाऱ्यांनाही हेच बरं पडतं. चार इंचांच्या पडद्यावर रंगांची सूची आणि बार यांच्यात नजर मागेपुढे करणं शिक्षा असते.

वर शीर्षक काय द्यायचं? फाइलला अण्णांनी ‘पाणी टँकर तक्ता’ असं नाव दिलं होतं. मी पूर्ण वाक्य लिहिलं: ‘पाण्याचा खर्च २.२४ लाखांनी वाढला, त्यातले १.५२ लाख जादा टँकरचे.’ याचा एक फायदा असा की तुमचा अंदाज चुकला असेल तर मागणाऱ्याला ते लगेच कळतं. ‘टँकर तक्ता’ असं लिहिलं की तो ‘छान’ म्हणतो आणि चूक सभेत उघडी पडते. वाक्य लिहिलं की तो म्हणतो, ‘अगं, हे नाही, मला ते दाखवायचं होतं.’ कधीकधी मागणारा माणूस भेटतच नाही, साहेब विमानात असतात आणि दुपारी चारला मीटिंग असते. तेव्हा मी अंदाजाने एकच चार्ट करते आणि निरोपात धरलेलं सगळं लिहून टाकते. साधारण असं: ‘गेलं वर्ष आणि हे वर्ष अशी तुलना धरली आहे, बघणारे सभासद धरले आहेत. विंगवार हवं असेल तर सांगा, पण त्यासाठी मीटरचं रीडिंग लागेल.’ सहा प्रकारचे चार्ट करून ‘यातला आवडेल तो घ्या’ म्हणणं मला पटत नाही. आपण ठरवायचं टाळतो आणि समोरचा सगळ्यात रंगीत असेल तो उचलतो.

एवढं झाल्यावर मला राहवलं नाही आणि मी महिन्यांचाही चार्ट काढला, सभासदांसाठी नाही, कमिटीसाठी. एप्रिल ते मार्च एकच आडवी पट्टी, तिच्यावर दोन रेघा: गेलं वर्ष फिकं, यंदा गडद. चोवीस महिने एकापुढे एक लावले असते तर दोन डोंगर दिसले असते आणि बस्स. एकावर एक ठेवल्यावर दोन रेघांमधली फट दिसते. (रुपयांचीही तिसरी रेघ, उजवीकडे वेगळी पट्टी देऊन, घालावी असा मोह होतो. दर वर्षभर सारखाच असेल तर ती रेघ टँकरच्या रेघेची नक्कल असते. काहीच कळत नाही, पण चार्ट हुशार दिसतो.)

सगळ्यांचा समज होता की उन्हाळ्याने मारलं. एप्रिल ते जूनमध्ये टँकर १३० वरून १५८ झाले, म्हणजे २८ ची वाढ. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत सहाची. आणि ऑक्टोबर ते मार्चमध्ये १३६ वरून १७८. तब्बल ४२, वाढीतला निम्म्याहून जास्त भाग. ऑक्टोबरपासून गडद रेघ फिक्या रेघेपासून जी सुटली, ती मार्चपर्यंत परत जवळ आलीच नाही. मे महिन्याच्या शिखराकडे बघत बसलेल्या कोणालाही हे दिसलं नव्हतं, मलाही नाही. कारण काय ते चार्ट सांगत नाही. तेव्हा गळती सुरू झाली, महापालिकेचं पाणी कमी झालं, की रिकामे फ्लॅट भरले, हे बाहेर जाऊनच शोधावं लागतं. पण कुठल्या महिन्यापासूनचे कागद उघडायचे तेवढं मात्र कळतं.

रविवारी एकशेवीसचा ठराव पाऊण तासात मंजूर झाला, जे आमच्याकडे लवकरच म्हणायचं. बी विंगमधले एक निवृत्त बँकवाले काका उठलेच, आणि १५,२०० चं विचारलंच. अण्णांनी चार्टखालची ओळ वाचून दाखवली. मग ए विंगमधल्या एक बाई म्हणाल्या, ‘टँकर कुठल्या विंगला किती, ते का नाही दाखवलं?’ अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘मीटरचं रीडिंग नाही काकू, त्याशिवाय सांगितलं तर चुकीचं होईल.’

१ ऑक्टोबरपासून वॉचमन रोज सकाळी सातला दोन्ही टाक्यांच्या इनलेट मीटरचं रीडिंग वहीत लिहितो. पहिल्या पानावर अण्णांनी स्वतः पट्टीने कॉलम आखून दिलेत.